परदेशी कोटेशनमधला कॉमा आधी वाचा, भाव नंतर बघा

गेल्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "तीन देशांतून कोटेशन आलंय, स्वस्त कोण हे कसं ठरवायचं?" माझं उत्तर थोडं चिडचिडं वाटेल, पण तेच खरं आहे. तुम्ही अजून ती कोटेशन्स वाचलेलीच नाहीत. आकडे पाहिलेत, वाचले नाहीत. जर्मन माणसाचा कॉमा आणि आपला कॉमा एक नाही. अमेरिकन माणसाचा M आणि आपला मीटर एक नाही. सिंगापूरच्या कोटेशनवरचा डॉलर नक्की कुणाचा, हे चिन्हावरून कळत नाही. हे आधी मिटवल्याशिवाय तुलना करणं म्हणजे तीन वेगवेगळ्या तराजूंवर तोललेला कांदा एकाच पिशवीत ओतणं.

सोयीसाठी एक नमुना घेऊ. समजा तुम्ही छोटी पॅकिंग मशिन्स बनवता आणि तुम्हाला डिस्क स्प्रिंग हवेत, म्हणजे त्या वाटीसारख्या किंचित फुगीर स्टीलच्या चकत्या. आकार ३१.५ बाय १६.३ बाय १.७५ मिलिमीटर, नग पाच हजार. हा आकार खराच आहे, जर्मन मानकातला नेहमीचा. कोटेशनमधले भाव मात्र मी सरावासाठी बनवलेत. जर्मनीहून असं काहीतरी येतं:

```
Tellerfeder 31,5 x 16,3 x 1,75
Menge:    5.000 Stk.
Preis:    38,400 EUR / 100 Stk.
Gewicht:  7,840 kg / 1.000 Stk.
Gesamt:   1.920,00 EUR
```

आपल्या सवयीच्या डोळ्याला यात काय दिसतं? "पाच पॉइंट शून्य शून्य शून्य" नग आणि "अडतीस हजार चारशे" युरो. वाचणारा हसतो, म्हणतो जर्मन लोकांची टायपिंग मिस्टेक. पण चूक काहीच नाही. जर्मनी, इटली, स्पेन, ब्राझील, तुर्कस्तान, इंडोनेशिया, व्हिएतनाम अशा बऱ्याच देशांत दशांशासाठी कॉमा लावतात आणि हजार वेगळे दाखवायला टिंब. आपल्या बरोबर उलट. चीन, जपान, अमेरिका, ब्रिटन हे आपल्यासारखे पॉइंटवाले. स्वित्झर्लंडमध्ये हजारासाठी वर लटकणारा अपॉस्ट्रॉफीही भेटतो, त्यामुळे १'२५० दिसलं तर दचकू नका.

आता प्रश्न असा की समोरचा कुठल्या पद्धतीचा आहे हे ओळखायचं कसं. देश बघून अंदाज बांधता येतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. जर्मन कंपनीचा निर्यात विभाग कधीकधी इंग्रजी पद्धतीने कोटेशन काढतो, आणि भारतातल्या एजंटने त्याच आकड्यांची कॉपी-पेस्ट करून अर्धं तसं, अर्धं असं केलेलं असू शकतं. माझ्या मते खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच कागदावर एक साक्षीदार आकडा शोधायचा. साक्षीदार म्हणजे असा आकडा जो एकाच प्रकारे वाचता येतो. वरच्या कोटेशनमध्ये ३१,५ बघा. कॉमानंतर एकच अंक आहे. हजाराचा कॉमा असता तर त्यापुढे तीन अंक आले असते. म्हणजे इथे कॉमा हाच दशांश. दुसरा साक्षीदार शेवटची ओळ: १.९२०,०० मध्ये टिंब आणि कॉमा दोन्ही आहेत. दोन्ही असतील तेव्हा सगळ्यात उजवीकडचं चिन्ह दशांशाचं. झालं, साक्ष मिळाली. आता ३८,४०० म्हणजे अडतीस पॉइंट चार, आणि ५.००० म्हणजे पाच हजार.

फसवे आकडे नेमके कोणते, हेही यातून कळतं. एकच चिन्ह आणि त्यानंतर बरोबर तीन अंक, हे दोन्ही प्रकारे वाचता येतं. ५.०००, ३८,४००, ७,८४० हे तिन्ही तसेच आहेत. अशा आकड्याला पेन्सिलने गोल करा आणि साक्षीदार सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

साक्षीदार आकडा सापडलाच नाही तर वजनाकडे वळा. स्टीलच्या वस्तूचं वजन तुम्ही स्वतः काढू शकता. बाहेरचा व्यास ३१.५, आतलं भोक १६.३, जाडी १.७५, यावरून एका चकतीचं घनफळ साधारण ९९९ घन मिलिमीटर येतं. स्टीलची घनता प्रति घन सेंटिमीटर ७.८५ ग्रॅम धरली की एक नग सुमारे ७.८४ ग्रॅमचा. म्हणजे हजार नग ७.८४ किलोचे. कोटेशनमधलं ७,८४० किलो हजार नगांना आहे, आणि ते सात हजार आठशे चाळीस वाचलं तर दोन बोटांत मावणारी एक चकती पावणेआठ किलोची होईल. हिशेबाला दोन मिनिटं लागतात आणि कॉमाचा वाद तिथेच संपतो. शिवाय पाच हजार नगांचं वजन ३९.२ किलो हे हातात आलं, ते भाडं काढायला लागणारच आहे.

आता एक्सेलची गोष्ट, कारण खरा घोळ तिथे होतो. आपल्या लॅपटॉपवर रीजन इंडिया असतो. त्यात ५.००० पेस्ट केलं की एक्सेल ते ५ करून टाकतं. ३८,४०० पेस्ट केलं की ते ३८४०० होतं. काही लाल होत नाही, काही एरर येत नाही. आता गुणाकार करा: ५ गुणिले ३८४००, भागिले १००. उत्तर येतं १९२०. कोटेशनच्या तळाशीही १९२० युरोच आहेत!

हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून इथे थांबतो. एक आकडा हजारपट वाढला, दुसरा हजारपट घटला, दोन्ही चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि टोटल जुळली. आपल्याकडे सगळ्यांना शिकवलेलं असतं की टोटल जुळली की हिशेब बरोबर. इथे टोटल जुळूनही तुमच्या शीटमध्ये पाचच नग आहेत आणि एका नगाचा भाव ३८४ युरो आहे. याच शीटवरून परचेस ऑर्डर निघाली तर त्यावर पाच नग जातील. म्हणून टोटल तपासण्याआधी दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा: नगसंख्या मी मागितली तेवढीच आहे का, आणि एका नगाचा भाव त्या वस्तूला शोभतो का.

उपाय सोपा आहे. पेस्ट करण्याआधी तो कॉलम `Text` फॉरमॅटचा करा, म्हणजे एक्सेल स्वतःचं डोकं चालवणार नाही. मग शेजारच्या कॉलममध्ये हे लिहा, पहिला कॉमा दशांशाचं चिन्ह सांगतो आणि नंतरचं टिंब हजाराचं:

```
=NUMBERVALUE(A2, ",", ".")
```

उत्तर ३८.४ येईल. लांब यादी असेल तर `Text to Columns` मध्ये शेवटच्या पायरीवर `Advanced` बटण आहे, तिथे दशांश आणि हजाराची चिन्हं सांगता येतात. पण एकदा का आकडा ३८४०० होऊन बसला की मूळ काय होतं हे सेलला आठवत नाही. म्हणून मूळ पीडीएफ कधी डिलीट करू नका.

पुढचा मुद्दा किमतीच्या बाजूचा "/ १००". फास्टनर, स्प्रिंग, वॉशर अशा बारक्या मालाचा भाव युरोपात अनेकदा शंभर नगांना किंवा हजार नगांना देतात. ३८.४० युरो हा एका नगाचा भाव नाही, शंभराचा आहे. एक नग ०.३८४ युरोला. आपल्याकडे डझन, ग्रोस, शेकडा हे सगळं चालत आलेलं असूनही परदेशी कोटेशन म्हटलं की आपण "पर पीस" गृहीत धरतो, का कोण जाणे.

अमेरिकन कोटेशन बघा, तीच वस्तू:

```
Disc spring 1.240 x .642 x .069 in
5 M @ $410.00 / M
```

हा M मीटर नाही, मिलियनही नाही. अमेरिकेतल्या फास्टनर धंद्यात M म्हणजे हजार आणि C म्हणजे शंभर, रोमन अंकांवरून आलेलं. ५ M म्हणजे पाच हजार नग, हजाराला ४१० डॉलर, एक नग ०.४१ डॉलर. आणि मापं इंचात आहेत: १.२४० इंच गुणिले २५.४ केलं की ३१.५० मिमी, .०६९ इंच म्हणजे १.७५ मिमी. आलं बरोबर. पण दोन गोष्टी खटकतात. १.२४० हा आकडा जर्मन माणूस एक हजार दोनशे चाळीस वाचेल. आणि .०६९ च्या आधी शून्यच नाही. हा कागद चारदा स्कॅन झाला, व्हॉट्सअॅपवर फिरला की ते टिंब पुसलं जातं आणि उरतं ०६९. म्हणून माझा हट्ट असतो की पॉइंटच्या आधी शून्य लिहायचंच.

इंच-मिमीचं रूपांतर करून मिळालेल्या आकड्यावर ऑर्डर देऊ नका. गोल केलेल्या आकड्यात सूक्ष्म फरक उरतोच. ड्रॉइंगमधलं मूळ माप ज्या एककात आहे तेच ऑर्डरवर लिहा, दुसरं कंसात माहितीसाठी. आपल्या हार्डवेअर बाजारात तर अजून सूत चालतं, आठ सूत म्हणजे एक इंच. दुकानात बोलायला ते छान आहे, परदेशी कागदावर त्याला जागा नाही.

आता सिंगापूरचं कोटेशन. दिसायला सगळ्यात स्वच्छ:

```
Disc spring 31.5 x 16.3 x 1.75
Qty 5,000     $0.44/pc
```

नगाला भाव, पॉइंट आपल्यासारखा, मापं आपल्यासारखी. आणि माझ्या मते तिघांत सगळ्यात धोकादायक हेच, कारण $ कुणाचा ते लिहिलेलं नाही. अमेरिका, सिंगापूर, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सगळेच हे चिन्ह वापरतात. हिशेबासाठी धरू की युरो १०५ रुपये, अमेरिकन डॉलर ८८ आणि सिंगापूर डॉलर ६८. दर रोज बदलतात, तुम्ही तुमच्या दिवसाचा घ्या. आता सगळं एका ओळीत आणू:

```
qty    price    per    ccy    unit     INR
5000   38.40    100    EUR    0.3840   40.32
5000   410.00   1000   USD    0.4100   36.08
5000   0.44     1      USD?   0.4400   38.72
5000   0.44     1      SGD?   0.4400   29.92
```

अमेरिकन डॉलर धरला तर सिंगापूरवाला अमेरिकेपेक्षा महाग. सिंगापूर डॉलर धरला तर तोच सगळ्यात स्वस्त, तोही नगामागे सहा रुपयांहून जास्त. पाच हजार नगांवर एकाच कोटेशनच्या दोन वाचनांत ४४,००० रुपयांचा फरक. कॉमाची चूक हजारपट असते, म्हणून ती कधीतरी डोळ्यात भरते. चलनाची ही चूक २३ टक्क्यांची आहे, ती भावाच्या नेहमीच्या चढउतारात लपून बसते. तुमच्या ग्राहकाला तुम्ही २९.९२ धरून भाव दिला आणि बिल अमेरिकन डॉलरमध्ये आलं, तर तो फरक तुमच्याच खिशातून जाणार.

¥ चंही तसंच. ते जपानच्या येनसाठी चालतं आणि चीनच्या युआनसाठीही. तिथे मात्र दोघांच्या किमतीत इतकी तफावत आहे की चूक लगेच कळते.

यावर उपाय म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकातले तीन अक्षरी चलन कोड: USD, SGD, EUR, CNY, JPY, INR. आपल्या बाजूनेही हेच. ₹ हे चिन्ह आपण २०१० साली स्वीकारलं, मला ते आवडतं, दुकानाच्या पाटीवर तेच आहे. पण परदेशी माणसाच्या जुन्या सिस्टिममध्ये त्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. आणि Rs लिहिलं तर पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ इथलेही रुपयेच असतात. INR लिहा, विषय संपला.

हे वाचून कुणी म्हणेल, "आपण आपल्या पद्धतीने लिहू, त्यांनी समजून घ्यावं." घरगुती बिलात बरोबर आहे. पण १,२५,००० हा आपला लाखाचा कॉमा परदेशी माणसाला अर्धवट तुटलेला वाटतो. तो विचारतो की एखादा अंक राहिला का. निर्यातीच्या कोटेशनवर लाखाचे कॉमे घालू नयेत, या मतावर मी ठाम आहे. मग हजाराचे घालायचे का? तेही नको. वजनमापांच्या जागतिक परिषदेने २००३ साली ठराव केला की दशांशासाठी टिंब किंवा कॉमा यांपैकी काहीही चालेल, पण अंकांचे तीन-तीनचे गट पाडताना मध्ये फक्त मोकळी जागा सोडायची, टिंबही नाही आणि कॉमाही नाही. म्हणजे १२५ ०००. एवढं केलं की कागदावर जे काही एकमेव चिन्ह उरतं ते दशांशाचंच असणार. पाच हजारासारखा चार अंकी आकडा तर सरळ ५००० लिहा.

आणखी एक युक्ती, जी मी प्रत्येक बॅचला सांगतो. भाव लिहिताना पॉइंटनंतर तीन अंक येऊ देऊ नका. ०.३८४ ऐवजी ०.३८४० लिहा, किंवा शंभर नगांना ३८.४० लिहा. दोन किंवा चार अंक असले की ते हजार म्हणून कुणाला वाचताच येत नाहीत. हे फक्त किमतीपुरतं बरं का. ड्रॉइंगच्या मापात उगाच शून्य जोडू नका, तिथे काही कारखान्यांत जास्तीचं शून्य म्हणजे जास्त बारीक टॉलरन्स असा अर्थ घेतात.

एककांबद्दल थोडंच बोलतो, कारण तो स्वतंत्र व्हिडिओचा विषय आहे. आपल्या स्प्रिंगचा दाब जर्मन कागदावर ३.९०० N असा येईल, म्हणजे सुमारे ३९०० न्यूटन. दुसरा पुरवठादार तोच kgf मध्ये देईल, साधारण ४००. तिसरा lbf मध्ये, ८७७ च्या आसपास. तिन्ही एकच गोष्ट सांगतात. याच व्यासाची १.२५ मिमी जाडीची पातळ चकतीही मानकात आहे, तिचा दाब जवळपास निम्मा, १९०० न्यूटनच्या आसपास. म्हणून जाडी आणि दाब एकमेकांशी जुळतात का हे पाहणं हीसुद्धा एक साक्ष आहे. कुणी जाडी १.७५ लिहून दाब १९०० लिहिला तर काहीतरी गडबड आहे, फोन करा.

आपल्या इथल्या कागदावरही एक खड्डा आहे. बरेच दुकानदार मीटरसाठी "mts" लिहितात. जीएसटीच्या एककांच्या यादीत MTS म्हणजे मेट्रिक टन, आणि मीटरसाठी MTR आहे. ५०० mts केबल लिहून बसलात तर कागदोपत्री पाचशे टन केबल झाली. आणि स्क्रू-बोल्ट आयात करताना कस्टम टॅरिफमध्ये त्यांचं एकक किलो आहे, नग नव्हे. म्हणून पुरवठादाराकडून नगसंख्येसोबत निव्वळ वजनही लिहून घ्या, तेही साक्षीदार आकड्याशी पडताळून.

आणि हो, वरच्या तक्त्यात माल कुठे हातात मिळणार हे नाही. एकाचा भाव त्याच्या गोदामाच्या दारातला आणि दुसऱ्याचा न्हावा शेवापर्यंतचा असेल तर ती तुलनाही अपुरीच. त्यावर मागे एक व्हिडिओ केलाय.

ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला त्याचंच कोटेशन तुमच्या भाषेत परत पाठवा. "तुमचं कोटेशन मान्य आहे" एवढं लिहिलं तर तुमचा गैरसमज तुमच्याकडेच राहतो. आकडे नव्याने लिहिले तर चूक समोरच्याला दिसते. मी वापरतो तो मजकूर असा, उचलून घ्या:

```
Please confirm our reading of your quotation:
Disc spring 31.5 x 16.3 x 1.75 mm
Quantity: 5000 (five thousand) pcs
Price: EUR 38.40 per 100 pcs = EUR 0.3840 per pc
Total: EUR 1920.00 (one thousand nine hundred twenty)
Net weight: 39.2 kg
In this document the point is the decimal mark;
no thousands separator is used.
```

नगसंख्या आणि टोटल अक्षरांत लिहिली आहे, चेकवर लिहितो तशी. शेवटच्या दोन ओळी काहींना जास्तीच्या वाटतात, पण समोरच्या ऑफिसात तुमचा मेल कोण टाइप करून त्यांच्या सिस्टिममध्ये टाकणार आहे हे तुम्हाला माहीत नसतं. सिंगापूरवाल्याला हाच मजकूर पाठवताना किमतीच्या ओळीत USD or SGD? असं विचारा आणि त्याचं लेखी उत्तर येईपर्यंत तक्त्यातली त्याची ओळ रिकामी ठेवा.